द्रावण थंड होताना किती स्फटिक पडतील? विद्राव्यता-वक्र वाचताना आधी पाणी शोधा

विद्राव्यतेचा आलेख समोर ठेवून गणित सोडवताना होणाऱ्या चुकांमध्ये एक चूक फार मोठ्या संख्येने दिसते. दिलेल्या दोन तापमानांची विद्राव्यता वाचायची, वजाबाकी करायची आणि उत्तर लिहून मोकळं व्हायचं. वजाबाकी बरोबर असते, वाचनही बरोबर असतं, पण उत्तर चुकतं, कारण पाणी किती आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. या लेखात मी शेवटपर्यंत एकच धागा धरणार आहे, तो म्हणजे द्रावणातलं पाणी. ते किती आहे, थंड होताना तेवढंच राहतं का, आणि राहत नसेल तर कुठे जातं, एवढं कळलं की बाकीचं साध्या त्रैराशिकाचं काम आहे.

आलेखातली संख्या नेमकी काय सांगते

आलेखाच्या आडव्या अक्षावर तापमान असतं आणि उभ्या अक्षावर विद्राव्यता. विद्राव्यता म्हणजे त्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम क्षार विरघळून राहू शकतो ती संख्या. इथे १०० ग्रॅम हे फक्त पाण्याचं वजन आहे, सगळ्या द्रावणाचं नाही. काही तक्त्यांमध्ये १०० ग्रॅम द्रावणामागे आकडे दिलेले असतात, म्हणून अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

पुढच्या उदाहरणांसाठी चार क्षारांचे आकडे पूर्णांकात घेतले आहेत. निरनिराळ्या तक्त्यांत एखाद्या ग्रॅमचा फरक दिसतो, त्याने पद्धत बदलत नाही.

| १०० ग्रॅम पाण्यात (ग्रॅम) | ०° से. | २०° से. | ४०° से. | ६०° से. | ८०° से. |
|---|---|---|---|---|---|
| पोटॅशियम नायट्रेट (सोरा) | १३ | ३२ | ६४ | ११० | १६९ |
| अमोनियम क्लोराइड (नवसागर) | २९ | ३७ | ४६ | ५५ | ६६ |
| पोटॅशियम क्लोराइड | २८ | ३४ | ४० | ४६ | ५१ |
| सोडियम क्लोराइड (मीठ) | ३६ | ३६ | ३७ | ३७ | ३८ |

हे आकडे आलेखावर मांडले की सोऱ्याचा वक्र वर झेपावताना दिसतो, मिठाची रेषा जवळजवळ आडवी पडून राहते आणि बाकीचे दोन मध्ये बेताने चढतात. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ०° ला सोरा या चौघांत सगळ्यांत कमी विरघळतो आणि ६०° ला सगळ्यांत जास्त. म्हणजे वर चढताना तो बाकीच्या तिघांच्या रेषा छेदून जातो. मिठाची रेषा तो साधारण २३° च्या आसपास ओलांडतो. त्यामुळे ‘कोणता क्षार जास्त विरघळतो’ या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

वक्रावरचा बिंदू म्हणजे संपृक्त द्रावण. वक्राखाली असेल तर द्रावण असंपृक्त, म्हणजे आणखी क्षार सामावून घेणारं. वक्राच्या वरचा बिंदू म्हणजे पाण्याच्या कुवतीपेक्षा जास्त क्षार. तो जास्तीचा क्षार तळाशी न विरघळता पडलेला असतो, किंवा थोडा वेळ अतिसंपृक्त अवस्थेत द्रावणातच टिकून असतो. बिंदू वर दिसतो म्हणून स्फटिक लगेच पडलेच असतील असं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे प्रयोग करताना हाच मुद्दा आड येतो.

तक्त्यात नसलेलं तापमान वाचायचं असेल तर गुळगुळीत वक्र काढून त्यावरूनच वाचा. पट्टीने दोन बिंदू जोडून मधला आकडा काढला तर सोऱ्यासाठी ५०° ला ८७ येतो, प्रत्यक्षात तो ८५ ते ८६ च्या दरम्यान असतो. सोऱ्याचा वक्र वरच्या दिशेला वळत जातो, त्यामुळे सरळ जोडरेषा नेहमी वक्राच्या वरून जाते आणि चूक दर वेळी जास्तीच्याच बाजूला होते. बिंदू जितके दूर, तितकी ती मोठी.

थंड होण्याचं गणित

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. पोटॅशियम नायट्रेटचं ६०° ला संपृक्त असलेलं २०० ग्रॅम द्रावण २०° पर्यंत थंड केलं. किती स्फटिक पडतील?

घाईत सोडवणारा म्हणतो, ११० वजा ३२ म्हणजे ७८, आणि द्रावण २०० ग्रॅम आहे म्हणून दुप्पट, १५६ ग्रॅम. पण २०० ग्रॅम द्रावणात मुळात १५६ ग्रॅम सोरा आहे तरी का? ६०° ला १०० ग्रॅम पाण्यात ११० ग्रॅम सोरा असतो, म्हणजे त्या द्रावणाचं वजन २१० ग्रॅम भरतं. आपल्याकडे २०० च ग्रॅम आहे. तेव्हा पाणी झालं २०० × १०० ÷ २१० = ९५.२ ग्रॅम, आणि सोरा उरलेला १०४.८ ग्रॅम. होता त्यापेक्षा जास्त क्षार बाहेर पडणं शक्यच नाही. उत्तर तपासायला हा पहिला निकष पुरेसा आहे.

आता पाणी हातात आलं. सोऱ्याच्या स्फटिकांत पाणी अडकत नाही आणि भांडं झाकलेलं असेल तर वाफही जात नाही, म्हणून थंड झाल्यावरही पाणी ९५.२ ग्रॅमच राहील. २०° ला त्यात ९५.२ × ३२ ÷ १०० = ३०.५ ग्रॅम सोरा विरघळून राहतो. बाकीचा १०४.८ − ३०.५ = ७४.३ ग्रॅम बाहेर पडतो. हेच द्रावण ०° पर्यंत नेलं तर विरघळलेला उरतो १२.४ ग्रॅम आणि स्फटिक होतात ९२.४ ग्रॅम.

सुरुवातीचं द्रावण संपृक्त नसेल तर वेगळं गणित लागत नाही, फक्त स्फटिक पडायला उशिरा सुरुवात होते. समजा ८०° च्या ५० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम सोरा विरघळवला. १०० ग्रॅम पाण्यामागे तो ८० ग्रॅम झाला. ८०° ला हा बिंदू वक्राच्या खूप खाली आहे. द्रावण थंड होत जातं तसा तो बिंदू आलेखावर सरळ आडवा डावीकडे सरकतो, कारण क्षारही तेवढाच आहे आणि पाणीही. ही आडवी रेषा वक्राला जिथे भिडते तिथलं तापमान वाचा. ते साधारण ४७° येतं. त्याच्या वर काहीच घडत नाही. त्याच्या खाली स्फटिक पडू लागतात आणि द्रावणाचा बिंदू वक्राला धरून खाली उतरत जातो. २०° ला पोचलो की ५० ग्रॅम पाण्यात १६ ग्रॅम उरतात आणि २४ ग्रॅम स्फटिक मिळतात.

मी शिकवताना हा प्रवास पेन्सिलीने आलेखावर काढायला लावतो. आधी आडवी रेघ, मग वक्रावरून उतरण. ती एकदा काढली की पुढचा आकडा कुठून आला हे कुणाला सांगावं लागत नाही.

हेच मिठासाठी करून पाहा. ८०° ला १०० ग्रॅम पाण्यात संपृक्त केलेलं मीठ २०° ला आणलं तर जेमतेम २ ग्रॅम बाहेर पडतं. म्हणून मीठ मिळवायचं तर पाणी आटवावं लागतं, द्रावण गार करून फारसं काही हाती लागत नाही.

मीठ मिसळलेला सोरा शुद्ध करताना

वक्राचा खरा उपयोग इथे होतो. समजा ९० ग्रॅम सोऱ्यात १० ग्रॅम मीठ मिसळलेलं आहे. एक चढा वक्र आणि एक आडवी रेषा, म्हणजे वेगळं करायला याहून सोयीची जोडी मिळणं कठीण.

ते मिश्रण १०० ग्रॅम पाण्यात घालून ६०° च्या थोडं वर तापवा. ६०° ला ११० ग्रॅम सोरा मावतो, म्हणून ९० ग्रॅम पूर्ण विरघळतो. मिठाची मर्यादा ३७ आहे, १० ग्रॅम सहज विरघळतं. आता २०° पर्यंत थंड करा. सोरा ३२ ग्रॅम उरतो आणि ५८ ग्रॅम बाहेर पडतो. मिठाची मर्यादा अजूनही ३६ आहे, म्हणून त्याचा एकही स्फटिक पडत नाही. गाळणकागदावर सोरा राहतो आणि मीठ गाळलेल्या द्रावणासोबत निघून जातं.

पण त्या ५८ ग्रॅम स्फटिकांकडे जवळून बघा. सोऱ्याचे स्फटिक सुईसारखे लांब असतात आणि त्या सुयांच्या जुडग्यात खारं द्रावण धरून राहतं. समजा ५ ग्रॅम द्रावण चिकटून राहिलं. एकूण द्रावण १०० + ३२ + १० = १४२ ग्रॅम, त्यात मीठ १०. म्हणजे त्या ५ ग्रॅममध्ये सुमारे ०.३५ ग्रॅम मीठ आहे. स्फटिक तसेच वाळवले की पाणी उडून जातं आणि ते मीठ सोऱ्यावर बसतं. मिठाचा स्फटिक एकही पडला नाही, तरी वाळलेल्या मालात अर्ध्या टक्क्याहून जास्त मीठ!

म्हणून स्फटिक धुवायचे, पण कशाने, हेही वक्रच सांगतो. २०° चं २० ग्रॅम पाणी ओतलं तर त्यात ६.४ ग्रॅमपर्यंत सोरा विरघळून जाऊ शकतो. तेच पाणी बर्फात ठेवून ०° जवळ आणलं तर फार तर २.६ ग्रॅम जाईल. मिठाची विद्राव्यता दोन्ही तापमानांना सारखीच, त्यामुळे धुण्याचं काम तितकंच चांगलं होतं. पाणी थोडं थोडं, दोन-तीन वेळा ओता आणि दर वेळी पूर्ण निथळू द्या. एकदम ओतल्यापेक्षा मीठ चांगलं निघतं.

पाणी किती घ्यायचं हा पुढचा प्रश्न. १०० ऐवजी १५० ग्रॅम घेतलं तर २०° ला ४८ ग्रॅम सोरा द्रावणातच अडकतो आणि हाती ४२ ग्रॅमच येतात. उलट ८०° पर्यंत तापवून ६० ग्रॅम पाण्यात काम भागवलं तर १९ ग्रॅम अडकतात आणि ७१ मिळतात. तरीही मीठ सुरक्षित राहतं, कारण ६० ग्रॅम पाण्यात २०° ला २१ ग्रॅमहून जास्त मीठ मावतं. मग आणखी कमी पाणी का नको? कारण गरम द्रावणातला कचरा गाळून काढायचा असेल तर अगदी काठोकाठ संपृक्त द्रावण नरसाळ्याच्या गार नळीत शिरताच थिजतं आणि नळी बुजते. किंचित जास्त पाणी घेऊन मिळकतीत दोन-चार ग्रॅमची घट सोसणं मला परवडतं. नरसाळं आधी गरम पाण्याने तापवून घेतलं तर तेवढी घटही टळते.

एक मर्यादा इथे स्पष्ट सांगायला हवी. तक्त्यातले आकडे एकट्या क्षाराचे, शुद्ध पाण्यातले आहेत. दोन क्षार एकत्र असले की एकमेकांची विद्राव्यता थोडीफार बदलतात, विशेषतः दोघांत एक आयन सामाईक असेल तर. पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या सोऱ्यात पोटॅशियम दोघांचाही असतो, त्यामुळे तिथे वरचं गणित फक्त अंदाज म्हणून वापरा.

परीक्षानळीत वक्र तपासताना

वक्र स्वतः काढून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही. त्यासाठी ४ ग्रॅम सोरा आणि ५ ग्रॅम पाणी रुंद परीक्षानळीत घ्या. १०० मागे ८० हे प्रमाण झालं. नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरून सगळं विरघळू द्या, मग बाहेर काढून काचकांडीने हळूहळू ढवळत थंड होऊ द्या. तापमापीने ढवळू नका, तिचा फुगा फुटतो. नळीमागे काळा कागद धरला की पहिली सुई चमकलेली दिसते. त्या क्षणीचं तापमान लिहा, ४७° च्या जवळपास यायला हवं. मग १ ग्रॅम पाणी घालून पुन्हा तापवा. आता प्रमाण ४ ला ६, म्हणजे ६७. या वेळी ४१° ते ४२° च्या दरम्यान चमक दिसेल. आणखी एक ग्रॅम, प्रमाण ५७, तापमान ३६° ते ३७°. एकाच नळीतून असे चार-पाच बिंदू मिळतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या, आणि कोरडा सोरा कागद, कोळसा किंवा साखरेजवळ तापवू नका. तो ज्वलनाला जोर देणारा पदार्थ आहे.

चूक दोन बाजूंनी होते. नळी उघडी ठेवून खूप वेळ तापवली तर पाणी वाफ होऊन जातं. ५ ग्रॅममधलं अर्धा ग्रॅम गेलं तरी खरं प्रमाण ८९ होतं आणि स्फटिक ४७° ऐवजी ५१° च्या आसपासच पडू लागतात. वहीत मात्र आपण ८० च लिहिलेलं असतं. सगळे बिंदू उजवीकडे सरकलेले दिसले तर आधी वाफेवर संशय घ्या. तापवण्याआधी आणि शेवटी नळी वजनकाट्यावर ठेवली तर किती पाणी गेलं ते थेट कळतं.

उलटी चूक अतिसंपृक्ततेची. ४७° झाले, ४४° झाले, तरी द्रावण स्वच्छ. मग अचानक सुयांचा झुपका पडतो आणि तापमापीचा पारा एखादा अंश वर चढतो. सोरा विरघळताना उष्णता घेतो, म्हणून बाहेर पडताना ती परत देतो. पारा असा उलटा चढला तर आपलं वाचन उशिरा झालं असं समजा. उपाय म्हणजे काचकांडीने नळीची आतली बाजू हलकेच खरवडणं किंवा सोऱ्याचा एक कण टाकणं. शिवाय नळी पुन्हा हळूहळू तापवून शेवटचा स्फटिक कधी नाहीसा होतो तेही लिहा. खरं तापमान या दोन वाचनांच्या मध्ये असतं.

जिथे पाणी स्फटिकात जातं

आतापर्यंत थंड होताना पाणी बदलत नाही हे गृहीत धरलं. मोरचुदाला ते लागू पडत नाही. निळ्या मोरचुदाच्या प्रत्येक १०० ग्रॅम स्फटिकांत सुमारे ६४ ग्रॅम निर्जल कॉपर सल्फेट आणि ३६ ग्रॅम स्फटिकजल असतं. म्हणजे स्फटिक पडताना ते द्रावणातलं पाणीही सोबत नेतात. पाणी कमी झालं की उरलेल्या पाण्यात क्षार आणखी कमी मावतो आणि आणखी स्फटिक पडतात.

निर्जल क्षाराचे आकडे घेऊ. ६०° ला १०० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम, २०° ला २०.७ ग्रॅम. ६०° चं १४० ग्रॅम संपृक्त द्रावण २०° ला आणलं. साधी वजाबाकी १९.३ ग्रॅम निर्जल क्षार सांगते. तो ६४ टक्के धरला तर ३०.२ ग्रॅम स्फटिक होतात. हे उत्तर कमी आहे.

बरोबर रीत अशी. पडलेल्या स्फटिकांचं वजन ‘क्ष’ ग्रॅम माना. त्यांच्याबरोबर ०.६४ क्ष क्षार आणि ०.३६ क्ष पाणी गेलं. मागे उरला ४० − ०.६४ क्ष क्षार आणि १०० − ०.३६ क्ष पाणी. हे उरलेलं द्रावण २०° ला संपृक्त आहे, म्हणून उरलेला क्षार हा उरलेल्या पाण्याच्या ०.२०७ पट असायला हवा:

४० − ०.६४ क्ष = ०.२०७ × (१०० − ०.३६ क्ष)

सोडवलं की क्ष = ३४.१ ग्रॅम येतो. पडताळा घ्या: २१.८ ग्रॅम क्षार गेला, १८.२ उरला. १२.३ ग्रॅम पाणी गेलं, ८७.७ उरलं. १८.२ भागिले ८७.७ म्हणजे १०० मागे २०.७, आलेखावरचाच बिंदू. हिशेबात जवळपास ४ ग्रॅमचा फरक पडला तो त्या सव्वाबारा ग्रॅम पाण्यामुळे.

तक्त्यातला आकडा निर्जल क्षाराचा आहे की स्फटिकजलासह, हेही आधी पाहायचं. दोन्ही प्रकार छापलेले आढळतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या समीकरणात घातला की उत्तर पार बिघडतं. प्रयोगानंतर मोरचुदाचं द्रावण मोरीत ओतू नका, पाण्यातल्या जिवांना ते विषारी असतं. ते साठवून पुढच्या वेळी वापरता येतं.

सोडियम सल्फेटच्या बाबतीत तर वक्रालाच टोक असतं. ३२.४° पर्यंत विद्राव्यता झपाट्याने वाढते, कारण तिथवर तळाशी दहा रेणू पाणी धरलेला स्फटिक असतो. त्याच्या वर तो स्फटिक टिकत नाही, तळाशी निर्जल क्षार असतो आणि विद्राव्यता हळूहळू उतरते. म्हणून ८०° चं संपृक्त द्रावण थंड करायला घेतलं तर ३२.४° येईपर्यंत काहीच पडत नाही, उलट तळाशी क्षार असेल तर त्यातला थोडा विरघळतो. त्यानंतर मात्र स्फटिक इतकं पाणी ओढून घेतात की वरचं समीकरण मांडल्याशिवाय उत्तराच्या जवळपासही जाता येत नाही. इथे फक्त टक्केवारी बदलायची: १०० ग्रॅम स्फटिकांत ४४ ग्रॅम क्षार आणि ५६ ग्रॅम पाणी.